चोवीस टक्क्यांचा महिन्याचा वाटा

ऑप्शनची किंमत काढताना शेअरचा भाव प्रत्येक टप्प्यावर दोनच दिशांना जाऊ शकतो, असं मानून जे झाड आखतात त्याला बायनॉमियल ट्री म्हणतात. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी 1979 साली ते मांडलं. झाड आखणं सोपं आहे. खरा प्रश्न असतो तो भाव किती चढवायचा आणि किती उतरवायचा हा.

समजा, शेअर 1000 रुपयांना आहे आणि त्याची वार्षिक अस्थिरता, म्हणजे व्होलॅटिलिटी, 24 टक्के आहे. ऑप्शन तीन महिन्यांचा आहे आणि झाडाचा प्रत्येक टप्पा एका महिन्याचा. पहिला मोह होतो तो 24 ला 12 ने भागून 2 टक्के घेण्याचा. हे चूक आहे. शेअरची चाल एकाच दिशेने चालत नाही. एका महिन्याची चढ पुढच्या महिन्याची उतरण खाऊन टाकते. त्यामुळे महिन्यामहिन्याचे चढउतार थेट जमा होत नाहीत, त्यांचे वर्ग जमा होतात. म्हणून 0.24 चा वर्ग करायचा, 0.0576. त्याचा बारावा भाग 0.0048 आणि त्याचं वर्गमूळ 0.0693. महिन्याचा वाटा सुमारे 6.9 टक्के, दोन नव्हे.

सूत्रात हे असं दिसतं:

```
u = e^(σ√Δt)
d = 1/u
p = (e^(rΔt) − d) / (u − d)
```

इथे σ ही वार्षिक अस्थिरता आणि Δt ही वर्षात मोजलेली टप्प्याची लांबी. आपल्या उदाहरणात u 1.0717 आणि d 0.9331 येतो, महिनाअखेर भाव 1071.74 किंवा 933.06. d हा u चा व्यस्त ठेवल्यामुळे एकदा चढून एकदा उतरलेला भाव पुन्हा 1000 वर येतो. फांद्या एकमेकींना मिळतात आणि तीन टप्प्यांनंतर आठऐवजी चारच टोकं उरतात. शंभर टप्प्यांच्या झाडात हीच सोय गणित आवाक्यात ठेवते.

व्याजदर r 6 टक्के धरला तर p 0.519 येतो. ही भाव चढण्याची खरी शक्यता नव्हे. शेअरवर सरासरीने बिनजोखमीचं व्याजच मिळावं, म्हणून बसवलेलं ते वजन आहे. ते शून्य आणि एक यांच्यामध्येच हवं. अस्थिरता 4 टक्के आणि टप्पा अख्ख्या वर्षाचा घेतला, तर p 1.26 येतो. तिथे झाड मोडलं. टप्पा महिन्याचा केला की p 0.71 वर येऊन सावरतो.

आणखी एक चूक दिवसांची. रोजच्या अस्थिरतेला 252 च्या वर्गमूळाने गुणून वार्षिक आकडा काढला असेल, तर एका दिवसाचा टप्पाही 1/252 च हवा. 1/365 घेतला की रोजची चाल 1.51 टक्क्यांऐवजी 1.26 टक्के होते आणि ऑप्शन स्वस्त दिसतो.

झाड वापरण्याआधी उलट तपासणी करा: u चा नैसर्गिक लॉगरिदम घ्या आणि वर्षातल्या टप्प्यांच्या संख्येच्या वर्गमूळाने गुणा. 24 टक्के परत आले नाहीत, तर पुढचं काहीही मोजू नका.