शिडी वर गेल्यावरच का घसरते?

दिवाळीआधी घर रंगवायला काढलं की भिंतीला शिडी लागते. चढणारा खालच्या पायरीवर दोनदा जोर देऊन बघतो, शिडी हलत नाही, मग तो बिनधास्त वर जातो. ही परीक्षा फसवी आहे. खालच्या पायरीवरचा माणूस शिडी उलट घट्ट दाबून धरतो. ती सटकते तो वर पोहोचल्यावर.

शिडीचं आणि माणसाचं सगळं वजन जमिनीवर उतरतं. गुळगुळीत भिंत शिडीला फक्त आडवं ढकलते, आणि या रेट्याने शिडीचा पाय बाहेर सरकू पाहतो. त्याला अडवतं ते पायाशी असलेलं घर्षण. घर्षणाची ताकद म्हणजे जमिनीवर आलेल्या वजनाचा ठरावीक हिस्सा. कोरड्या फरशीवर तो हिस्सा 0.4 धरू. शिडी 10 किलोची, रंगारी 70 किलोचा. म्हणजे घर्षण 80 च्या 0.4 पट, 32 किलोपर्यंतचा रेटा पेलेल. रंगारी कुठेही उभा असला तरी हा आकडा बदलत नाही. बदलतो तो रेटा.

शिडी 4 मीटरची आहे आणि पाय भिंतीपासून 2 मीटरवर, म्हणजे 60 अंशांचा कोन. रंगारी तळाशी असताना रेटा जेमतेम 3 किलो. निम्म्यावर गेला की 23. शिडीवर 2.9 मीटर चढला की 32 ची हद्द येते, आणि तेव्हा तो जमिनीपासून अडीच मीटर उंच असतो.

मग कमीत कमी कोन किती हवा? तो शेंड्यापर्यंत जाणार असेल, तर शिडीचं अर्धं वजन आणि त्याचं पूर्ण वजन मिळून 75. त्याला 32 ने भागलं की 2.34. शिडीच्या टोकाची उंची पायाच्या अंतराच्या निदान इतकी पट हवी. हा कोन 67 अंशांचा. पाय भिंतीपासून दीड मीटरच्या जरासाच पुढे. रिकामी शिडी मात्र 51 अंशांवरही उभी राहते, म्हणून ती टिकली यावरून काहीच ठरत नाही. भिंतीचं घर्षण मी धरलेलं नाही. ते असलंच तर थोडी मदतच होते.

कारागिरांचा चारास एकचा नियम, म्हणजे चार मीटर उंचीला एक मीटर अंतर, 76 अंशांचा पडतो. कोरड्या फरशीला तो भरपूर झाला. पण फरशी ओली होऊन तो हिस्सा 0.2 वर आला, तर 78 अंश लागतात आणि नियमही तोकडा पडतो. शिडी आणखी उभी करावी तर ती माणसासकट मागे कलंडायची भीती. अशा वेळी पाय बांधून घ्यावा, नाहीतर 60 किलोच्या कुणाला तरी खालच्या पायरीवर उभं करावं. चारास एकच्या कोनात घर्षण 16 वरून 28 किलोवर जातं, आणि रेटा फक्त 19 चा 20 होतो. मात्र वरचा उतरेपर्यंत खालच्याने हलायचं नाही.