भिजलेली दहा पोती आणि उरलेली वीस

सांगलीचा व्यापारी अहमदाबादच्या अडत्याकडे हळद पाठवतो, तेव्हा ती विक्री नसते. माल विकला जाईपर्यंत मालकी सांगलीचीच राहते. अडत्या तो सांभाळतो, विकतो, कमिशन कापून पट्टी पाठवतो. या व्यवहाराच्या कन्साइनमेंट खात्यात नफा काढताना दोन ठिकाणी घोळ होतो.

समजा, १०० पोती पाठवली. पोत्याची खरेदी ६,००० रुपये. ट्रकभाडे, भराई, विमा मिळून ४०,००० लागले, म्हणजे ट्रकमधलं पोतं ६,४०० रुपयांना पडलं. वाटेत ताडपत्री फाटली, पावसानं दहा पोती पार वाया गेली. हे ६४,००० रुपयांचं नुकसान आडतीच्या धंद्यातलं नव्हे, अपघाताचं. म्हणून ते खात्याच्या जमेला घेऊन बाजूला काढायचं. विमा कंपनीनं ५०,००० मंजूर केले, तर उरलेले १४,००० थेट नफा-तोटा खात्यावर जातात. विमा मिळो न मिळो, कन्साइनमेंट खात्यातला आकडा ६४,०००च राहतो. हळद वाळून वजन घटलं असतं तर गोष्ट वेगळी. ती तूट नेहमीचीच, तिचा भार उरलेल्या मालावर पडतो.

अहमदाबादला ९० पोती उतरली. उतराई आणि गोदामापर्यंतचा टेम्पो यांचे ९,००० झाले, पोत्यामागे १००. भिजलेली पोती गोदामापर्यंत पोचलीच नाहीत, मग त्यांच्यावर हा खर्च कशाला? पुढे गोदामभाडं ६,००० झालं. ७० पोती ८,००० च्या भावानं विकली गेली, ५,६०,००० आले, पाच टक्के कमिशन २८,००० गेलं.

उरलेली वीस पोती ६,५०० च्या दरानं धरायची: १,३०,००० रुपये. माल विक्रीच्या जागी येईपर्यंतचा खर्च किमतीत मिळवायचा. गोदामभाडं आणि कमिशन नाही. कमिशन तर विकलेल्या मालावरचं, न विकलेल्या पोत्यांशी त्याचा संबंधच काय! मात्र बाजार पडून पोत्याला खर्च वजा जाता ६,००० च हाती येणार असतील, तर तोच भाव धरावा लागतो.

आता खातं जुळवू. नावे बाजूला माल आणि सगळे खर्च मिळून ६,८३,०००. जमेला विक्री, नुकसान आणि शिल्लक मिळून ७,५४,०००. नफा ७१,०००. भिजलेली पोती वेगळी न काढता सगळा खर्च ९० पोत्यांवर वाटला, तर शिल्लक पोतं सुमारे ७,२११ रुपयांचं दिसतं आणि नफा २१,००० च्या आसपास घसरतो. माल महाग आणि धंदा मंदा, दोन्ही खोटं.

आकडा बरोबर आला का, हे तपासायला विकलेल्या पोत्यांकडून उलटं या: ५,६०,००० मधून ७० पोत्यांचे ४,५५,००० आणि भाडं-कमिशनचे ३४,००० वजा करा. ७१,००० च यायला हवेत. आणि पट्टी मागताना अडत्याला सांगून ठेवा, की उतराई-टेम्पोचा खर्च आणि गोदामभाडं एका ओळीत 'किरकोळ' म्हणून टाकू नका, वेगवेगळं लिहा.