मंगळ बाराव्यात की अकराव्यात?

लग्न जुळवताना पत्रिका समोर आली की घरातली मंडळी आधी मंगळ शोधतात. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात असला की चर्चा सुरू होते. संगणकावर काढलेल्या पत्रिकेत मात्र एक पंचाईत असते. एका पानावर मंगळ बाराव्या घरात दिसतो आणि पान उलटलं की तोच अकराव्यात बसलेला असतो. पहिल्या चौकटीवर ‘लग्नकुंडली’ लिहिलेलं असतं, दुसरीवर ‘भावचलित’. मग कुणीतरी सुटकेचा निःश्वास टाकतो, ‘चलितात मंगळ सुटला!’ मुलीकडचे सुटला म्हणतात तेव्हा मुलाकडचे पहिलं पान पुढे करतात.

दोन्ही पानांवर आकाश एकच असतं. फरक पडतो तो घरांच्या भिंती कुठे घातल्या यामुळे.

जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर क्रांतिवृत्ताचा जो बिंदू उगवत असतो, ते लग्न. लग्नकुंडलीत हा बिंदू ज्या राशीत असेल ती अख्खी रास पहिलं घर धरतात. लग्न मेषेच्या २ अंशांवर असो की २८ अंशांवर, मेष पहिली, वृषभ दुसरी, मीन बारावी. हिशेब सोपा आहे, पण क्षितिजावरचा नेमका अंश त्यात वाया जातो. भावचलित तो अंश वापरतं. त्यात लग्नाचा अंश हा पहिल्या घराचा मध्य असतो आणि घर त्याच्या दोन्ही बाजूंना पसरतं.

ही मांडणी श्रीपतीच्या नावाने ओळखली जाते. श्रीपती हा अकराव्या शतकातला ज्योतिर्गणिती. त्याचं गाव रोहिणीखंड, म्हणजे आजचं बुलढाणा जिल्ह्यातलं रोहिणखेड, असं मानलं जातं. त्याच्या पद्धतीत लग्नाबरोबर आणखी एक बिंदू लागतो. क्रांतिवृत्ताचा जो अंश त्या क्षणी याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मध्यरेषेवर आलेला असतो, तो दशम. लग्न आणि दशम यांत नेमकं ९० अंशांचं अंतर क्वचितच असतं, कारण क्रांतिवृत्त क्षितिजाला तिरकं असतं आणि हा तिरकेपणा दिवसभर बदलत राहतो. या दोन बिंदूंमधल्या कमानीचे तीन सारखे भाग केले की अकराव्या आणि बाराव्या घरांचे मध्य मिळतात. दोन मध्यांच्या बरोबर अर्ध्यावर भावसंधी येतो. घराची भिंत तीच.

एक पत्रिका मांडून पाहू. समजा, एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईत सकाळी सव्वाआठच्या सुमारास एक मूल जन्मलं. लग्न मेषेच्या २६ अंशांवर आहे. मुंबईच्या अक्षांशावर अशा वेळी दशम बिंदू मकरेच्या १४ अंश ४८ कलांवर येतो. दोहोंमधली कमान भरते १०१ अंश १२ कला, म्हणजे तिचा तिसरा हिस्सा सुमारे ३३ अंश ४४ कला. त्यावरून बाराव्या घराचा मध्य येतो मीनेच्या २२ अंश १६ कलांवर, आणि अकराव्या-बाराव्यातला संधी मीनेच्या ५ अंश २४ कलांवर. पहिलं घर मेषेच्या ९ अंश ८ कलांपासून सुरू होऊन वृषभेच्या तेवढ्याच अंशांपर्यंत जातं.

आता या पत्रिकेत मंगळ मीनेच्या ३ अंशांवर आहे असं धरू. लग्नकुंडलीत मीन हे बारावं घर, म्हणून मंगळ बारावा. चलितात बारावं घर ५ अंश २४ कलांना सुरू होतं आणि मंगळ त्याच्या अलीकडे आहे, म्हणून तो अकरावा. वृषभेच्या ६ अंशांवर शुक्र असेल तर तोही दुसऱ्या घरातून पहिल्यात येईल. लग्न राशीच्या शेवटाकडे असलं की प्रत्येक राशीच्या सुरुवातीचे ग्रह असे मागच्या घरात जातात. लग्न राशीच्या सुरुवातीलाच असेल तर उलटं होतं आणि राशीच्या शेवटच्या अंशांतले ग्रह पुढच्या घरात सरकतात.

इथे सर्रास एक घोटाळा होतो. चलिताची चौकट लग्नकुंडलीसारखीच काढतात, त्यामुळे मंगळ शेजारच्या खणात दिसला की ‘मंगळ कुंभेत गेला’ असं वाटतं. तो कुठेही गेलेला नसतो. रास मीनच, अंश ३च, नक्षत्रही तेच. त्यामुळे तो उच्चीचा की नीचीचा, स्वराशीत की शत्रुराशीत, हे चलितावरून ठरवत नाहीत. शंका आली की ग्रहस्पष्टाचं पान उघडावं, तिथे प्रत्येक ग्रहाचे अंश-कला दिलेले असतात.

शिवाय ‘चलित’ या एकाच मथळ्याखाली निरनिराळी गणितं असू शकतात. महाराष्ट्रात बरेच अनुयायी असलेल्या कृष्णमूर्ती पद्धतीत घरं प्लॅसिडसच्या रीतीने काढतात आणि लग्नाचा अंश हा पहिल्या घराचा मध्य नव्हे, आरंभ मानतात. वरच्याच पत्रिकेत बुध मेषेच्या १२ अंशांवर असेल, तर लग्नकुंडलीत तो पहिला, श्रीपतीच्या चलितातही पहिला, पण कृष्णमूर्ती पद्धतीत लग्नाच्या अलीकडे म्हणून बारावा. म्हणून पत्रिका कोणत्या पद्धतीने काढली हे विचारल्याशिवाय दोन चलितांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मग मंगळ सुटला का? ग्रहांच्या फळांवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी ‘सुटला’ हा शब्द श्रीपतीच्या हिशेबातही बसत नाही. त्या पद्धतीत ग्रह भावमध्यावर असेल तर त्या घराचं फळ पूर्ण, संधीवर असेल तर शून्य, आणि मधे असेल तर अंतराच्या प्रमाणात. आपला मंगळ संधीपासून २ अंश २४ कला दूर आहे आणि संधीपासून अकराव्याच्या मध्यापर्यंतचं अंतर आहे जवळपास १७ अंश. म्हणजे त्याला अकराव्याचं फळ मिळतं सातव्या हिश्शाएवढं. तो अकराव्यात आहे, पण जेमतेम. चलित मानायचं तर हा हिशेबही मानावा लागतो, आणि बैठकीत नेमका तोच कुणी काढत नाही.

जन्मवेळेचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे सरकतं. याच मुलाचा जन्म दहा-अकरा मिनिटं आधी झाला असता, तर लग्न मेषेच्या २३ अंशांच्या आसपास आलं असतं, बारावं घर मीनेच्या ३ अंशांच्या आतच सुरू झालं असतं आणि मंगळ चलितातही बारावाच राहिला असता. जन्मवेळ पुष्कळदा आठवणीवर सांगितली जाते, किंवा ‘सव्वाआठ’ अशी गोळाबेरीज करून.

वेळेइतकंच गावही महत्त्वाचं. लग्न तेच, मेषेचे २६ अंश, पण जन्म लंडनचा असेल तर लग्न-दशमातली कमान ११८ अंशांपर्यंत ताणली जाते. अकरावं घर ३९ अंशांचं होतं आणि दुसरं जेमतेम २१ अंशांचं उरतं. बारावं घर कुंभेच्या २७ अंशांनाच सुरू होतं, म्हणून मीनेच्या ३ अंशांवरचा मंगळ तिथे चलितातही बाराव्यातच सापडतो. परदेशात जन्मलेल्या मुलाची पत्रिका काढताना जन्मगाव म्हणून आजोळचं पुणे किंवा नाशिक टाकलं, तर लग्नाचा अंशच बदलतो आणि चलिताच्या सगळ्या भिंती चुकीच्या जागी पडतात.