अभिमानयात्रा आणि मुखवटा

२०१९ सालच्या फेब्रुवारींत माझा एक जुना विद्यार्थी टेंभुर्णीस मला भेटावयास आला. जालन्याहून रात्रीच्या गाडीनें मुंबईस जाऊन तेथल्या ‘प्राईड मार्च’मध्यें आपण चालून आलों, असें त्यानें सांगितलें. मीं विचारलें, “अरे, यांत अभिमान कसला बाळगावयाचा? मी जन्मतः उजव्या हाताचा आहें. त्याची मिरवणूक कोणी काढतो काय?” तो म्हणाला, “गुरुजी, उजव्या हाताचे म्हणून आपल्याला कोणी धमकावलें नाहीं.”

हें धमकावणें कसें चाले, तें आधीं सांगतों. इंग्रजांनीं १८६० सालीं केलेल्या दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाखालीं समलिंगी संबंधास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. पण त्या कलमाचें खरें काम न्यायालयाबाहेर चाले. ज्यास दुसऱ्याचें गुपित कळे, तो पैसे मागे. आणि ज्याच्याकडून पैसे उकळले जात, त्यास पोलिसचौकीवर जाण्याची सोय नसे, कारण त्याची फिर्याद हाच त्याचा कबुलीजबाब ठरे. जो लपतो तोच लुबाडला जातो, आणि जो लुबाडला जातो तो अधिकच लपतो! हा फेरा तोडावयाचा तर अनेकांनीं एकाच वेळीं उजेडांत येणें एवढाच उपाय उरतो. ‘अभिमान’ हा शब्द येथें गर्वाच्या अर्थानें नाहीं. तो लाजेच्या विरुद्ध अर्थानें आहे.

हें ठळकपणें घडलें तें न्यूयॉर्क शहरांत. तेथील क्रिस्टोफर स्ट्रीटवरील ‘स्टोनवॉल’ नांवाच्या मद्यगृहावर २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनीं धाड घातली. अशा धाडी नेहमींच्या होत्या. लोक मान खालीं घालून निघून जात. त्या रात्रीं ते गेले नाहींत, रस्त्यावरच थांबले, आणि पुढें कांहीं रात्री झटापटी चालल्या. वर्ष भरलें त्याच दिवशीं, २८ जून १९७० रोजीं, त्या भागांतून सेंट्रल पार्कपर्यंत पहिली यात्रा निघाली. आरंभीं भीतीनें पावलें इतकीं झपाझप पडत कीं चालण्यापेक्षां तें धांवणेंच होतें, असें त्यांतले लोक पुढें सांगत.

आपल्या देशांत २ जुलै १९९९ रोजीं कलकत्त्यास अवघे पंधराएक जण असे चालले. मुंबईची यात्रा १६ ऑगस्ट २००८ रोजीं निघाली. स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस आणि आरंभाचें ठिकाण ऑगस्ट क्रांति मैदान, ही निवड सहेतुक होती. इंग्रज गेले, कायदा राहिला. म्हणून ब्रिटिश सरकारनें माफी मागावी, अशीही मागणी तेव्हां झाली. मैदानापासून गिरगांव चौपाटीपर्यंतची वाट मोठी नव्हे. पण त्या वाटेवर कित्येकजण मुखवटे घालून चालले होते. आपण आहोंत हें जगास सांगावयाचें, पण आपण कोण हें शेजाऱ्यास कळूं द्यावयाचें नाहीं!

पुढें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांस त्या कलमांतून वगळलें. मग माझ्या विद्यार्थ्यानें २०१९ सालीं मुखवटा कशासाठीं घातला? तो म्हणाला, “गुरुजी, न्यायालयाचा निकाल झाला, पण आईनें स्थळें पाहणें थांबवलेलें नाहीं.” मैदानाच्या कडेस तो बराच वेळ वाटसरूसारखा उभा होता. मुखवटा बांधल्यावर गर्दींत शिरला. प्रथम सज्जांतून पाहणारा प्रत्येकजण जालन्याचाच वाटे. मग ढोल सुरू झाले. शेजारून एक प्रौढ बाई आपल्या मुलाचा हात धरून चालल्या होत्या. त्यांनीं ह्याचाही हात धरला, नांव विचारलें नाहीं. तेव्हां आपणांस रडूं आलें, आणि मुखवटा होता तें बरेंच झालें, असें तो हंसत म्हणाला. आनंदापेक्षां थकवा उतरल्यासारखें वाटलें, हे त्याचे शब्द. परतीच्या गाडींत मात्र पूर्वीपेक्षांही एकटें वाटलें. ह्या बाजूविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं.

मला एक आठवण लपवितां येत नाहीं. हा मुलगा नववींत असतां वर्गानें त्यास ‘बायल्या’ म्हटलें होतें, आणि मी हंसलों होतों. त्यास तें आठवत असेल काय, हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी विवाहास कायद्याची मान्यता देण्याचें नाकारलें; तेव्हां यात्रांतील मागण्यांत विवाहाचा हक्क अजूनही आहे. निघतांना त्या मुलानें खिशांतून मुखवटा काढला. कागदाचा होता; घामानें रंग एकमेकांत मिसळले होते. घरीं ठेवतां येत नाहीं म्हणून तो त्यानें माझ्या पुस्तकांच्या कपाटांत ठेवावयास दिला. अजून तेथेंच आहे.