पडद्यावरचा आकडा आणि बोटातली नाडी: ‘हार्ट रेट मॉनिटर’बद्दलचे पाच गैरसमज

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ‘हार्ट रेट मॉनिटर’ हा प्रोजेक्ट कुणी ना कुणी घेतेच. सामान थोडेच लागते: अर्डुइनो उनो, हिरवा एलईडी असलेला अ‍ॅनालॉग पल्स सेन्सर, छोटा ओएलईडी डिस्प्ले आणि मूठभर जंपर वायर. संध्याकाळपर्यंत पडद्यावर आकडा झळकतो आणि काम झाले असे वाटते. असा प्रोजेक्ट पाहताना मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट करायला सांगतो: बोट काढा आणि सेन्सरसमोर पांढरा कागद धरा. पुष्कळदा आकडा येतच राहतो, आणि तिथून खऱ्या कामाला सुरुवात होते.

गैरसमज १: सेन्सर हृदयाचे ठोके मोजतो.

वस्तुस्थिती: सेन्सर फक्त प्रकाश मोजतो. एलईडीचा प्रकाश बोटात शिरतो, त्यातला थोडा परत येतो आणि शेजारच्या प्रकाशग्राहकावर पडतो. हृदय आकुंचन पावले की रक्ताची लाट बोटापर्यंत येते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या किंचित फुगतात, रक्त जास्त प्रकाश शोषते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात याच तत्त्वावर प्रयोग केले होते.

हा बदल फार लहान असतो. परत येणाऱ्या एकूण प्रकाशात नाडीमुळे होणारा चढउतार साधारण एक-दोन टक्क्यांचाच. बाकीचा प्रकाश त्वचा, तिच्याखालच्या ऊती आणि स्पंदन नसलेले रक्त यांच्याकडून येतो. म्हणून बोट कसे ठेवले आहे याला एवढे महत्त्व आहे. बोट जोरात दाबले तर रक्त बाजूला सरते, नखाखालचा भाग पांढरा पडतो आणि लाट जवळजवळ नाहीशी होते. अगदी हलके ठेवले तर फटीतून खोलीतला उजेड आत येतो. बोट गार असेल तर रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि लाट खुजी दिसते. कोड उघडण्याआधी हात चोळून गरम करा, सेन्सर वेल्क्रोच्या पट्टीने बोटाला अलगद बांधा आणि सीरियल प्लॉटरवर लाट बघा. तिथे लाट दिसत नसेल तर पुढे कुठलाही फिल्टर ती निर्माण करू शकत नाही.

गैरसमज २: कोडमध्ये फिल्टर घातला की सगळा गोंगाट जातो.

वस्तुस्थिती: काही गोंगाट फिल्टरपर्यंत पोचतो तेव्हा त्याने नाडीचे रूप घेतलेले असते. पांढऱ्या कागदावर दिसणाऱ्या आकड्याचे रहस्य यातच आहे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात ट्यूबलाइट दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते जाणवत नाही, सेन्सरला जाणवते. मॉड्यूलवरचे छोटे सर्किट हे लुकलुकणे कमी करते, पण पूर्ण पुसत नाही.

आता नेहमीचा कोड घ्या. लूपमध्ये `analogRead()`, मग सीरियलवर छपाई आणि शेवटी `delay(20)`. विद्यार्थी धरून चालतो की दर २० मिलिसेकंदांनी एक रीडिंग मिळते. पण वाचायला आणि छापायलाही वेळ लागतो. समजा तो ०.४ मिलिसेकंद आहे. म्हणजे दोन रीडिंगमध्ये २०.४ मिलिसेकंदांचे अंतर पडते. तेवढ्या वेळात दिवा २.०४ वेळा लुकलुकतो. पूर्ण दोन लुकलुकी सेन्सरला कळतच नाहीत, उरलेला ०.०४ भाग तेवढा कळतो. असे २५ तुकडे जमले की एक पूर्ण खोटी लाट तयार होते. पंचवीस रीडिंग म्हणजे ५१० मिलिसेकंद, आणि ६०,००० ला ५१० ने भागले की येतात मिनिटाला ११८ ठोके. माणूस जिना चढून आला तर नाडी अशीच चालेल. त्यामुळे मिनिटाला ४० ते २०० ठोक्यांचा पट्टा मोकळा ठेवणारा फिल्टर या खोट्या लाटेलाही वाट देतो.

उपाय फिल्टरच्या आधी करावा लागतो. पहिला उपाय म्हणजे सेन्सरच्या मागून आणि बाजूंनी काळे कापड किंवा काळी टेप लावणे. दुसरा उपाय रीडिंग घेण्याच्या पद्धतीत आहे. दर मिलिसेकंदाला एक अशी दहा रीडिंग घ्या आणि त्यांची सरासरी काढा. दहा मिलिसेकंद म्हणजे दिव्याचे नेमके एक लुकलुकणे. त्यातला चढ आणि उतार एकमेकांना खोडतो, मागे राहते ती नाडी.

```cpp
int readClean() {
  long sum = 0;
  for (int i = 0; i < 10; i++) {
    unsigned long t = micros();
    sum += analogRead(A0);
    while (micros() - t < 1000) {}
  }
  return sum / 10;
}
```

खात्री करून घेणे सोपे आहे. दिवा बंद करा. आकडा लगेच बदलला किंवा नाहीसा झाला, तर तो दिव्याचा होता.

गैरसमज ३: सरासरी जितकी मोठी, तितका सिग्नल चांगला.

वस्तुस्थिती: रेषा गुळगुळीत होते हे खरे, पण तिच्यासोबत नाडीही पुसली जाते. मिनिटाला ६० ठोके असलेल्या माणसाचा सिग्नल घ्या आणि त्याला एका सेकंदाची सरकती सरासरी लावा. कुठूनही एक सेकंद उचलला तरी त्यात नेमका एक पूर्ण ठोका येणार. म्हणून सरासरी सतत तीच राहते आणि पडद्यावर सरळ रेषा दिसते. सेन्सर, वायर आणि बोट सगळे ठीक असते. नाडी आपणच घालवलेली असते.

तीच सरासरी दुसऱ्या कामाला मात्र उत्तम. श्वासामुळे आणि बोट किंचित सरकल्यामुळे सिग्नलची पायारेषा सावकाश वर-खाली होत असते. एका सेकंदाची सरासरी या पायारेषेच्या मागोमाग जाते. मूळ सिग्नलमधून ती वजा केली की शून्याभोवती डोलणारी नाडी उरते. बारीक थरथर काढायला सेकंदाला १०० रीडिंग असताना पाच रीडिंगांची, म्हणजे ५० मिलिसेकंदांची सरासरी पुरते. एक सरासरी वजा करण्यासाठी आणि दुसरी ठेवून घेण्यासाठी, एवढे लक्षात राहिले तर साध्या प्रोजेक्टला दुसऱ्या फिल्टरची गरज पडत नाही.

हालचालीपुढे मात्र हा फिल्टर हतबल आहे. चालताना माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे पावले सहज टाकतो आणि पावलांचा हादरा नाडीच्याच पट्ट्यात पडतो. या प्रोजेक्टमध्ये हात टेबलावर स्थिर ठेवावा, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

गैरसमज ४: आकडा दुप्पट आला म्हणजे सेन्सर खराब आहे.

वस्तुस्थिती: एका ठोक्याच्या लाटेला बहुधा दोन उंचवटे असतात. मोठा शिखराचा, मग महाधमनीची झडप बंद होते त्या सुमाराची खाच, आणि तिच्यानंतर छोटा उंचवटा. तरुणांमध्ये तो ठळक दिसतो, म्हणून विद्यार्थ्यांच्याच बोटावर ही चूक जास्त घडते. कोडने दोन्ही उंचवटे मोजले की ७२ चे १४४ होतात.

चूक ओळखण्यासाठी दोन ठोक्यांमधली अंतरे छापून बघा. ३५०, ४८०, ३५५, ४७५ असे लहान-मोठे आळीपाळीने येत असेल, तर दोन अंतरांची बेरीजच खऱ्या ठोक्याची आहे. उपाय असा: एक ठोका सापडला की मागच्या अंतराच्या तीन-पंचमांश वेळ डोळे मिटून घ्यायचे. मागचे अंतर ८३० असेल तर जवळपास ५०० मिलिसेकंद काहीही मोजायचे नाही. ३५० वर येणारा छोटा उंचवटा त्यात निघून जातो.

इथे एक मेख आहे. पहिलेच अंतर चुकून ३५० धरले गेले, तर डोळे फक्त २१० मिलिसेकंद मिटतात. पुढचे अंतर ४८० येते, तेव्हा २८८. त्यामुळे ३५० वरचा छोटा उंचवटा पुन्हा मोजला जातो आणि कोड त्या चुकीतच अडकून बसतो. म्हणून सुरुवातीचे अंतर ८०० मिलिसेकंद असे आपणच द्यावे आणि बोट उचलले की पुन्हा तिथेच आणावे.

गैरसमज ५: डिस्प्ले फक्त दाखवण्याचे काम करतो, मोजणीशी त्याचा संबंध नाही.

वस्तुस्थिती: १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा पडदा म्हणजे १०२४ बाइट. आयटूसी जोडणीवर प्रत्येक बाइटला घड्याळाचे नऊ ठोके लागतात. सेकंदाला एक लाखाच्या वेगाने पूर्ण पडदा रंगवायला ९० मिलिसेकंदांहून जास्त, आणि चार लाखांच्या वेगाने सुमारे २५ मिलिसेकंद जातात. तेवढा वेळ उनो सेन्सरकडे पाहतच नाही.

एका गटाचा आकडा २५० च्या आसपास येत होता. मुलगा शांत बसलेला, मनगटावरची नाडी ७२. त्यांनी दोन ठोक्यांमधली रीडिंग मोजून प्रत्येकाला १० मिलिसेकंद धरले होते, आणि दर रीडिंगनंतर `display.display()` लावले होते. प्रत्यक्षात एक फेरी ३५ मिलिसेकंदांची झाली होती. ७२ च्या नाडीत दोन ठोक्यांत ८३३ मिलिसेकंद असतात, त्यात २४ रीडिंग बसली. कोडने त्यांना २४० मिलिसेकंद समजले आणि ६०,००० भागिले २४० करून २५० दाखवले. गणित बरोबर होते, घड्याळ चुकीचे होते.

म्हणून रीडिंग मोजून वेळ काढू नका. ठोका सापडला त्या क्षणी `millis()` ची नोंद घ्या. पडदा ठोका सापडल्यावर लगेच रंगवा, कारण तेव्हा कोडने डोळे मिटलेलेच असतात आणि काही निसटत नाही. तीन सेकंद ठोका आला नाही तर आकडा पुसून दोन आडव्या रेघा दाखवा. बोट काढल्यावरही पडद्यावर राहिलेला जुना ७२ ही साधी विसरभोळेपणाची बाब नाही. बघणाऱ्याला ती खोटी माहिती आहे.

हे सगळे झाल्यावर आकडा ६८ ते ७७ मध्ये हलताना दिसला तर घाबरू नका. श्वास आत घेताना नाडी थोडी वेगाने आणि सोडताना सावकाश चालते. निरोगी तरुणात हा फरक असतोच. शेवटच्या आठ-दहा अंतरांची सरासरी दाखवली की आकडा वाचण्याजोगा होतो. एकाच जागी ठाम उभा असलेला आकडा मात्र संशयास्पद समजा.

यंत्राची मर्यादाही जाणून असावे. ते बोटापर्यंत पोचलेल्या लाटाच मोजते. हृदयाचा ताल बिघडलेला असेल तर काही ठोके इतके दुबळे पडतात की त्यांची लाट बोटापर्यंत पोचत नाही. ते ठोके ईसीजीत दिसतात, इथे नाही. औषध घ्यायचे की थांबवायचे हे या पडद्याकडे पाहून कुणीही ठरवू नये.

अहवालात सुबक आलेखापेक्षा एक साधा तक्ता द्या. मित्राने मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी एका रकान्यात, त्याच मिनिटाचा यंत्राचा आकडा शेजारी. हे बसून करा, दोन मजले चढून आल्यावर करा, गार हातांनी करा, ट्यूबलाइटखाली आणि अंधारात करा. जिथे दोन रकाने जुळत नाहीत ती ओळ खोडू नका. तुमचे यंत्र कुठपर्यंत खरे बोलते, ते त्याच ओळीवरून कळते.