कव्हर लेटर एका पानाचे: किती लिहायचे आणि आधी काय खोडायचे

नोकरीच्या अर्जासोबतचे पत्र एका पानात बसले पाहिजे, हे बहुतेक उमेदवारांना ठाऊक असते. म्हणून पत्र लांबले की मजकूर तसाच ठेवून अक्षरे बारीक केली जातात, समास आवळला जातो, परिच्छेदांमधली मोकळी ओळ काढून टाकली जाते. पान एकच राहते, पण ते वाचवत नाही. खरी मर्यादा शब्दांची असते, आणि ती कागदाच्या हिशेबातूनच निघते.

ए-फोर आकाराचा कागद, चारही बाजूंना सुमारे अडीच सेंटिमीटर समास आणि ११ पॉइंटचा टंक धरला, तर पानभर साधारण ५०० इंग्रजी शब्द मावतात. त्यातून आपले नाव-पत्ता, तारीख, कंपनीचा पत्ता, विषय, मायना आणि सही यांना पाव ते तिसरा हिस्सा द्यावा लागतो. परिच्छेदांमधल्या मोकळ्या ओळी धरल्या की मजकुराला ३५० शब्दांच्या आसपास जागा उरते. म्हणून २५० ते ३५० शब्द हे माप योग्य. पत्र मराठीत असेल तर विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्याने तोच मजकूर आणखी थोड्या शब्दांत बसतो. ई-मेलच्या मजकुरातच पत्र लिहायचे असेल, तर दीडशे-दोनशे शब्दांवर थांबावे. मोबाइलवर वाचणारा माणूस त्यापुढे बोट सरकवत नेतो.

एवढ्या जागेत चार परिच्छेद नीट बसतात. एक उदाहरण घेऊ. नाशिकची एक बी.कॉम. झालेली मुलगी वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्या डीलरकडे तीन वर्षे हिशेब सांभाळते आहे. पुण्यातल्या एका कारखान्याला अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हवा आहे. जीएसटीची विवरणपत्रे, टॅली आणि बँकेचा ताळमेळ ही कामे जाहिरातीत दिली आहेत. तिचे पहिले पत्र ५४० शब्दांचे झाले, असे समजू.

पहिल्या परिच्छेदाला ५० शब्द पुरतात. कोणत्या पदासाठी अर्ज आहे आणि त्या पदाशी जुळणारी आपली सर्वांत मजबूत बाब कोणती, एवढेच तिथे यावे. ‘तीन वर्षे मी एका डीलरची जीएसटी विवरणपत्रे एकटीने भरते आहे,’ या एका वाक्याने वाचणाऱ्याच्या मनातला मुख्य प्रश्न सुटतो.

दुसरा परिच्छेद पत्राचा कणा. त्याला १२० शब्द द्यावेत आणि त्यात एकच काम सविस्तर सांगावे. ही मुलगी दरमहा सुमारे ४०० खरेदी बिले जीएसटीआर-२बी शी ताडून पाहते. पुरवठादाराने बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले नसेल, तर खरेदीदाराला त्यावरच्या कराची वजावट मिळत नाही. २बी महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि मासिक विवरणपत्र भरायची मुदत २० तारखेची. मधल्या दिवसांत न जुळलेल्या बिलांची यादी करून पुरवठादारांना फोन करणे हे तिचे खरे कौशल्य. बायोडेटात याची ‘जीएसटी रिकन्सिलिएशन’ एवढीच नोंद असते. काम कसे केले, हे सांगायला पत्रच उपयोगी पडते.

तिसरा परिच्छेद ८० शब्दांचा. जाहिरात वाचून आणि बायोडेटा पाहून समोरच्याला जी शंका येईल, तिचे उत्तर इथे द्यायचे. तिने डीलरकडे काम केले आहे, कारखान्यात नाही. नाशिकहून पुण्याला यावे लागेल. कच्च्या मालाच्या नोंदी आपल्याला नव्या आहेत, पण खरेदी आणि साठ्याच्या नोंदी रोजच्या आहेत. पुण्यात राहायची सोय झाली आहे, असे तिने सरळ लिहावे. नोकरीत खंड पडला असेल, तर त्याचे कारणही याच परिच्छेदात एका वाक्यात द्यावे. चौथ्या परिच्छेदाला ४० शब्द: नोटिशीचा काळ किती, मुलाखतीला कधी येता येईल, आभार. एकूण २९० शब्द झाले.

म्हणजे ५४० मधले २५० शब्द काढायचे आहेत, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी पानावर दुसरीकडे असलेलेच पुन्हा सांगणारा मजकूर जावा. ‘विथ रेफरन्स टू युवर ॲडव्हर्टाइजमेंट’ ही शाळेतल्या अर्जलेखनापासून हाताला बसलेली सुरुवात विषयाच्या ओळीत येऊन गेलेली असते. ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्रही पत्रात नको. या दोन्हींचे मिळून ४५ शब्द गेले.

त्यानंतर कंपनीची स्तुती. ‘आपली नामांकित, झपाट्याने वाढणारी संस्था’ हे संस्थेला माहीत असते. अशा वाक्यातले कंपनीचे नाव बोटाने झाकून पाहावे. तिथे दुसरे कोणतेही नाव चालत असेल, तर वाक्य खोडावे. इथे ६५ शब्द वाचतात.

तिसऱ्या फेरीत विशेषणे. प्रामाणिक, मेहनती, जबाबदार, संघभावनेने काम करणारी असे प्रत्येक उमेदवार स्वतःबद्दल लिहितो, म्हणून निवडीला त्याचा उपयोग नाही. न जुळलेल्या बिलांसाठी पुरवठादारांना फोन करणारी मुलगी जबाबदार आहे, हे वाचणारा स्वतःच ताडतो. विशेषणांचे ६० शब्द काढले.

चौथ्या फेरीत बायोडेटाची उजळणी. दहावी-बारावीचे टक्के, टायपिंगची परीक्षा, संगणकाचा अभ्यासक्रम, छंद असे ८० शब्द जातात आणि पत्र २९० वर येते. तरीही लांबलेच, तर दुसऱ्या क्रमांकाचे उदाहरण सोडावे. दोन कामे अर्धी-अर्धी सांगण्यापेक्षा एक पूर्ण सांगितलेले बरे.

कापताना घाईत चुकीचे जाते तेही ओळखायला हवे. अनेकजण वाक्ये छाटण्याऐवजी त्यांतले तपशील छाटतात. ‘दरमहा ४०० बिले २बी शी जुळवते’ याचे ‘जीएसटीचा अनुभव’ होते, शब्द वाचतात आणि पुरावाही जातो. तिसऱ्या परिच्छेदातली अडचण अनेकदा संकोचाने काढली जाते. तेव्हा शंका तशीच राहते आणि वाचणारा तिचे उत्तर स्वतःच्या अंदाजाने देतो. आकडा, कामाची पद्धत आणि शंकेचे उत्तर या तीन गोष्टींना शेवटपर्यंत हात लावू नये. घरची परिस्थिती किंवा नोकरीची निकड मात्र पत्रात आणू नये. ती खरी असली, तरी या पदाला आपण योग्य कसे, हे त्यातून समजत नाही.

हे माप सगळीकडे लागू होत नाही. सरकारी भरतीत ठरलेला अर्ज भरायचा असतो, तिथे असे पत्र बहुधा मागितलेच जात नाही. विद्यापीठातल्या अध्यापनाच्या किंवा संशोधनाच्या जागेसाठी दोन पानेही चालतात, कारण संशोधनाची दिशा सांगावी लागते. संकेतस्थळावरच्या चौकटीत अक्षरांची मर्यादा दिलेली असेल, तर तीच पाळावी आणि मजकूर कापताना दुसरा परिच्छेद सर्वांत शेवटी कापावा.

पत्र पूर्ण झाले की एकदा पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहा. काहीच अडले नाही, तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहा. आणि २९० शब्दांत सांगायचे ते सांगून झाले असेल, तर पानाचा उरलेला भाग कोराच राहू द्या.