खाज थांबली, म्हणजे डोळा बरा झाला?

चौथीतला एक मुलगा आईबरोबर तपासायला आला होता. डोळे अगदी पांढरेशुभ्र, खाज नाही, पाणी नाही. आई म्हणाली, "डॉक्टर, डोळ्यांचं सगळं बरं आहे. फक्त फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणतो, चष्मा लागला असेल." पिशवीतून तिनं एक बाटली काढली. गेल्या मार्चमध्ये कुणीतरी लिहून दिलेले थेंब होते ते. डोळे लाल झाले की ती तीच बाटली दाखवून मेडिकलमधून नवी आणायची, आणि दोन दिवसांत मुलगा हसायला-खेळायला लागायचा. असं दहा महिने चाललं होतं.

डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ असतो. त्याच्या उजव्या डोळ्यात तो ३६ निघाला, डाव्यात ३४.

या मुलाचा आजार व्हर्नल कंजंक्टिव्हायटिस, म्हणजे डोळ्यांची ऍलर्जी. तो बहुतेक चार-पाच वर्षांच्या पुढे सुरू होतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतो. घरोघरी त्याला "डोळे आलेत" म्हणतात, आणि पहिली गफलत तिथेच होते. डोळे येतात तेव्हा आठवडा-दोन आठवड्यांत प्रकरण मिटतं, बरेचदा एका डोळ्यापासून सुरुवात होते आणि घरातल्या इतरांनाही लागण होते. व्हर्नलची लागण कुणालाच होत नाही, त्यामुळे मुलाला शाळेतून घरी बसवायची गरज नसते. दोन्ही डोळ्यांना खाज सुटते, आणि ती अशी की मूल मुठीनं डोळे चोळत राहतं, झोपेतून उठूनही चोळतं. चिपडं पिवळी-ओली नसतात, पांढरट आणि चिकट असतात. पाकाची तार निघावी तशी त्यांची तार लांबते. वरची पापणी उलटून पाहिली तर आत डाळिंबाचे दाणे बसवल्यासारखे उंचवटे दिसतात. काही मुलांत हे उंचवटे नसतात, पण बुबुळाच्या कडेनं जाडसर कडं आणि त्यावर पांढरे ठिपके येतात.

नावात वसंत असला तरी आजार वसंतापुरता नाही. आपल्याकडच्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात तो फेब्रुवारी-मार्चपासून पेटतो आणि पावसाच्या सरी आल्या की बहुतेक मुलांना उतार पडतो. काहींना मात्र वर्षभर थोडा त्रास राहतोच. "वयात आला की जाईल" हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. पण तोवरची पाच-सहा वर्षं मूल डोळे चोळत राहिलं तर बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं, आणि तो आकार आपोआप पूर्ववत होत नाही.

आता त्या बाटलीबद्दल. तिच्यावर अँटिबायोटिकचं नाव मोठं होतं, म्हणून आईला ते जंतूंचं औषध वाटत होतं. खाली बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन लिहिलेलं होतं, म्हणजे स्टिरॉइड. स्टिरॉइडनं सूज आणि खाज झपाट्यानं बसते, पण काही मुलांच्या डोळ्यात पाणी वाहून जाण्याची वाट त्यामुळे हळूहळू अडते. दाब चढतो आणि डोळ्याच्या नसेला इजा होते. हे काचबिंदूचंच नुकसान, फक्त औषधामुळे झालेलं. त्यात दुखत नाही, डोळा लालही होत नाही. उलट लाली गेल्यामुळे घरच्यांना वाटतं, गुण आला. लांबलेल्या वापरानं मोतीबिंदूही होतो.

म्हणून स्टिरॉइड कधीच घालू नये असंही नाही. मूल उजेडात डोळा उघडत नसेल, बुबुळावर जखम झाली असेल, तर स्टिरॉइडशिवाय भागत नाही. पण ते शक्यतो सौम्य जातीचं, दिवसात ठरावीक वेळा, दर आठवड्याला कमी करत काही आठवड्यांत थांबवायचं असतं, आणि त्या काळात दाब तपासायचा असतो. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणायचं हे औषध नाही. बाटलीवरच्या घटकांत डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काही दिसलं तर ती डॉक्टरांना दाखवा.

रोजचा आधार दुसराच असतो: ओलोपॅटाडिनसारखे ऍलर्जीचे थेंब, थंड पाण्याच्या घड्या, बाहेर जाताना टोपी-गॉगल. एवढ्यानं भागत नसेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचं मलम. यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला चुरचुरतं. त्यामुळे अनेक आया चार दिवसांतच बंद करून जुन्या बाटलीकडे वळतात.

त्या मुलाचं स्टिरॉइड थांबवलं, टॅक्रोलिमस सुरू केलं. त्याला दम्याचाही त्रास होता, म्हणून दाब उतरवायला टिमोलॉल न देता डॉर्झोलामाइड दिलं. सहा आठवड्यांनी दाब १८ वर आला. एप्रिलमध्ये खाज पुन्हा उसळली, पण आईनं थंड घड्यांवर आणि मलमावर निभावलं. उजव्या डोळ्याच्या नसेवर पडलेला खळगा मात्र तसाच आहे. दर तीन महिन्यांनी त्याचा दाब तपासतो.